तेरीज जुळत नाही आणि फरक ‘सस्पेन्स’मध्ये पडून आहे: कुठून शोधायचा

गेली काही वर्षं मी छोट्या गृहनिर्माण संस्थांची कीर्द-खतावणी लिहितो. वीस-पंचवीस फ्लॅटची सोसायटी, हौसेने किंवा नाइलाजाने झालेला खजिनदार, आणि मार्चअखेरीला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ट्रायल बॅलन्स, मांडली की हमखास येणारा फोन: “अहो, दोन्ही बाजू जुळत नाहीत. सध्या फरक सस्पेन्सला टाकलाय.” त्या ‘सध्या’चं वय बहुतेक वेळा दीड वर्ष असतं.

हे लेखन हाताने लिहिलेल्या किंवा एक्सेलमध्ये ठेवलेल्या वह्यांसाठी आहे. टॅलीवाल्यांसाठी मध्ये थोडं वेगळं सांगितलं आहे.

लक्षणं

नावे आणि जमा रकान्यांच्या बेरजा वेगळ्या येतात, हे उघड लक्षण. पण बऱ्याच संस्थांत ते दिसतच नाही, कारण कुणीतरी फरकाची रक्कम ‘सस्पेन्स’ किंवा जुन्या भाषेत ‘उचंत’ खात्यावर टाकून बेरजा सारख्या करून ठेवलेल्या असतात. तिथे लक्षणं आडून येतात. ताळेबंदात सस्पेन्सची तीच रक्कम सलग दुसऱ्या वर्षी दिसते. एखादा सभासद पावती दाखवतो आणि तरी त्याच्या नावावर थकबाकी असते. टॅलीत ट्रायल बॅलन्सच्या तळाशी `Difference in opening balances` अशी ओळ येते.

सुरुवातीला एकच काम करा. फरकाची रक्कम, तिची दिशा आणि तारीख कागदावर लिहा. ‘४,८६०, नावे बाजू जास्त, ३१ मार्च’ एवढं पुरे. दिशा लिहिली नाही तर निम्मा शोध फुकट जातो. नावे बाजू जास्त असेल तर कुठेतरी नावे जादा पडलंय किंवा जमा कमी पडलंय. शोधायचं ते या दोनपैकीच.

१. रकान्यांची बेरीज पुन्हा

पाच मिनिटांचं काम आणि खर्च शून्य, म्हणून ते पहिलं. बेरीज खालून वर करा. वरून खाली केली की डोळा तिथेच फसतो जिथे आधी फसला होता. फरक बरोबर १०, १०० किंवा १,००० असा गोल असेल तर हातचा चुकल्याचा संशय सगळ्यात आधी घ्यावा.

एक्सेलमध्ये बेरीज चुकत नाही, पण काय बेरजेत धरलंय ते चुकतं. शेवटी घातलेली ओळ सूत्राच्या बाहेर राहते. बँकेच्या पीडीएफमधून चिकटवलेला आकडा दिसायला आकडा असला तरी आत मजकूर असतो आणि `SUM` त्याला चक्क वगळतो. नावे रकाना सी आणि जमा रकाना डी असेल तर एवढं तपासा:

```
=SUM(C2:C48)-SUM(D2:D48)
=SUMPRODUCT(--ISTEXT(C2:D48))
```

दुसऱ्या सूत्राचं उत्तर शून्य नसेल तर तितक्या चौकटींत मजकूर आहे. त्यातले आकडे पुन्हा टाइप करा.

२. खतावणीतून तेरजेत काय आलं नाही

खतावणीच्या अनुक्रमणिकेतली खाती मोजा, तेरजेतल्या ओळी मोजा. खात्यांच्या आकड्यातून शून्य शिल्लक असलेली खाती वजा करून आणि रोख व बँक मिळवून दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. सगळ्यात जास्त वेळा राहून जातं ते रोख आणि बँक. कारण साधं आहे: त्यांची शिल्लक खतावणीत नसते, रोकड वहीत असते. खतावणीची पानं उलटत तेरीज मांडणाऱ्याला ती वही आठवत नाही. फरक नेमका हातातल्या रोख शिलकेइतका निघाला आणि दोन तासांचा शोध चहा गार व्हायच्या आत संपला, असं माझ्याकडे दोनदा झालंय.

त्याच फेरीत प्रत्येक शिल्लक योग्य रकान्यात आहे का ते बघा. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, भागभांडवल जमा बाजूला; मुदत ठेवी आणि सभासदांकडून येणं नावे बाजूला. यांपैकी एखादं उलट्या रकान्यात गेलं तर फरक त्याच्या दुप्पट पडतो.

३. आरंभीच्या शिलका

गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण झालेला ताळेबंद समोर ठेवा आणि यंदाच्या १ एप्रिलच्या शिलका एकेक करून टिक करा. इथे ठरावीक चूक एकच: मालमत्ता आणि निधी सगळे पुढे आणतात, पण गेल्या वर्षाचं आधिक्य किंवा तूट पुढे आणायला विसरतात.

टॅली वापरणाऱ्यांनी तर याच पायरीवर थांबायचं आहे. टॅली दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय व्हाउचर स्वीकारत नाही. तेव्हा ट्रायलमधला फरक वर्षभरातल्या नोंदींमुळे येऊ शकत नाही, तो आरंभीच्या शिलकांतूनच येतो. एखाद्या लेजरला `Dr` ऐवजी `Cr` गेलेलं असतं, किंवा सिंकिंग फंड चुकून येणेकऱ्यांच्या गटात उघडलेला असतो. व्हाउचर चाळत बसू नका.

४. फरकाच्या आकड्यालाच विचारा

आता वही उघडण्याआधी आकड्याशी थोडं खेळायचं.

तेवढ्याच रकमेची नोंद वर्षात कुठे आहे का? असेल तर तिची एक बाजू खतावणीत गेलीच नसावी.

निम्मी रक्कम कुठे आहे का? असेल तर ती उलट्या बाजूला पडली असावी. २,७०० जमा करायचे ते नावे टाकले, तर २,७०० ची जमा गेली आणि २,७०० चं नावे वाढलं, म्हणून फरक ५,४०० चा.

९ ने निःशेष भाग जातो का? जात असेल तर अंकांची अदलाबदल (६,८२० चे ६,२८०) किंवा शून्य सरकणं (१,२५० चे १२,५००) असू शकतं. सरकण्याच्या चुकीत फरकाला ९ ने भागलं की धाकटा आकडाच हाती येतो: ११,२५० भागिले ९, म्हणजे १,२५०.

पण नवाच्या कसोटीवर लोक फार विश्वास ठेवतात. दर नववा आकडा ९ ने भागला जातोच, आणि फरक एकाच चुकीचा असेल तरच ही कसोटी काही सांगते. दोन चुका एकमेकींत मिसळल्या की ती दिशाभूल करते. कशी, ते खालच्या उदाहरणात आहे. या पायरीला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ देऊ नये.

५. सभासद येणे यादी

सोसायटीच्या हिशेबात सगळ्यात जास्त नोंदी सभासदांच्या खात्यांवर पडतात, म्हणून चुकाही तिथेच जास्त. सगळी खाती तपासण्याआधी त्यांची एकत्र बेरीज पडताळता येते:

आरंभीचं येणं + वर्षभराची बिलं − रोकड वहीप्रमाणे वसुली = वर्षअखेरचं येणं

हे उत्तर आणि सभासदवार यादीची बेरीज सारखी हवी. सारखी नसेल तर चूक सभासदांच्या खात्यांच्या पानांत आहे. सारखी असेल तर ती पानं सध्या बाजूला ठेवता येतात. ही पायरी थोडी मेहनतीची आहे खरी, पण शोधाचं क्षेत्र एका दणक्यात आवळणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

एक सस्पेन्स, उलगडून

चोवीस फ्लॅटची संस्था. तिमाही बिल सरसकट २,७०० रुपये. मी ऑगस्टमध्ये वह्या हातात घेतल्या तेव्हा सस्पेन्स खात्यावर ७,५६० जमा शिल्लक होती. निम्मे केले ३,७८०, नऊने भागले ८४०. दोन्ही आकडे कुठेच नाहीत.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं: सस्पेन्सचं पान उघडलं. आत दोन नोंदी होत्या. एक ३१ मार्चची, ४,८६०, ‘तेरीज फरक’. दुसरी मे महिन्यातली, २,७००, ‘एनईएफटी, नाव नाही’. या दोन्ही नोंदींची जात वेगळी आहे. पहिलीला दुसरी बाजूच नाही, ती नुसता खड्डा बुजवण्यासाठी टाकलेली आहे. दुसरी पूर्ण आहे: बँक नावे, सस्पेन्स जमा. पैसे खरोखर आलेत, फक्त कुणाचे ते कळलेलं नाही. एकाच खात्यात दोन्ही घातल्या की शिल्लक आकड्याला काही अर्थच उरत नाही. म्हणून मी ‘तेरीज फरक’ आणि ‘अनोळखी जमा’ अशी दोन खाती करतो. २,७०० तिकडे हलवले आणि शोध ४,८६० चा सुरू झाला.

त्या मार्चची तेरीज काढली. नावे १४,६२,३८५ आणि जमा १४,५७,५२५. नावे बाजू ४,८६० ने जास्त, म्हणून खजिनदारांनी सस्पेन्सला ४,८६० जमा दिले होते. बेरजा बरोबर, खाती सगळी आलेली, आरंभीच्या शिलका ताळेबंदाप्रमाणे. निम्मी रक्कम २,४३०, अशी नोंद नाही. नऊने भागलं तर ५४० बरोबर! मला वाटलं सापडलं. ५४० चे कुणीतरी ५,४०० केले असणार. प्लंबरचं ५,४०० चं व्हाउचरही निघालं. बिल पाहिलं, पावती पाहिली, नोंद पाहिली. तिन्ही ठिकाणी ५,४०० च, आणि दोन्ही बाजूंना नीट पडलेले. अख्खी संध्याकाळ त्या प्लंबरने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सभासद येणे यादी घेतली. आरंभीचं येणं १०,८००. वर्षाची बिलं चोवीस फ्लॅट, चार तिमाही, २,७०० प्रमाणे २,५९,२००. रोकड वहीप्रमाणे वसुली २,५१,१००. म्हणजे येणं १८,९०० यायला हवं. यादीची बेरीज होती २४,३००. तफावत ५,४००.

बघा, फरक ४,८६० चा आणि एकट्या या यादीत ५,४०० ची चूक. म्हणजे दुसरी एक चूक ५४० ची, उलट्या दिशेने, दुसरीकडे कुठेतरी बसलेली. दोन्ही मिळून ४,८६० दिसत होते. म्हणून आकड्याचे खेळ हरले.

५,४०० चे निम्मे २,७००, म्हणजे बरोबर एक तिमाही बिल. मग चोवीस पानं उलटायची होती फक्त ‘जमेऐवजी नावे पडलेली पावती’ शोधत, आणि दहा मिनिटांत सापडली. जानेवारीतला चेक, रोकड वहीत बरोबर, खतावणीत सभासदाच्या खात्यावर नावे बाजूला. त्या गृहस्थांना दोन बिलं जास्त थकल्याचं पत्र गेलं होतं आणि ते सोसायटीच्या ग्रुपवर पावतीचा फोटो टाकून टाकून दमले होते. खरं म्हणजे पहिली तपासणी त्यांच्या तक्रारीची करायला हवी होती. तेरीज जुळत नसताना एखादा सभासद पावती दाखवत असेल, तर मी आता सगळ्यात आधी त्याचंच पान उघडतो.

उरले ५४०. आता एकच चूक बाकी होती, त्यामुळे नवाची कसोटी चालली. ५४० म्हणजे ९० गुणिले ६. शतक आणि दशक स्थानचे अंक उलटले तर फरक ९० च्या पटीत येतो, आणि पट किती तेवढं त्या दोन अंकांमधलं अंतर. म्हणजे ज्या रकमेत शतक आणि दशकाच्या अंकांत सहाचं अंतर आहे ती शोधायची. दिशाही माहीत होती: इथे नावे कमी पडलं होतं, म्हणजे बहुधा एखादा खर्च कमी लिहिला गेलाय. खर्चाची पानं चाळली. वीजबिलाचा एक चेक बँकेत ६,८२०, वीज खर्च खात्यावर ६,२८०.

दोन्ही दुरुस्त केल्यावर नावे बाजू १४,६२,३८५ मधून ५,४०० गेले, ५४० वाढले, आणि आली १४,५७,५२५. जमेइतकीच.

सस्पेन्स बंद करण्याच्या नोंदी

जुनी पानं खोडून आकडे बदलू नका. वर्ष बंद झालेलं आहे, दुरुस्ती आजच्या तारखेने कीर्दीत करायची.

पहिली नोंद: तेरीज फरक खाते नावे ५,४००, सभासदाचे खाते जमा ५,४००. लोक इथे २,७०० लिहितात आणि पुन्हा अडकतात. चुकीचं नावे काढायला एक २,७०० आणि राहिलेली जमा द्यायला दुसरे, म्हणून दुप्पट.

दुसरी नोंद ५४० ची. वर्ष चालू असतं तर वीज खर्च खाते नावे झालं असतं. पण तो खर्च मागच्या वर्षाचा, त्या वर्षाचं उत्पन्न-खर्च पत्रक मंजूर झालेलं. यंदाच्या वीज खर्चात तो मिसळला तर यंदाचा आकडा खोटा होतो. म्हणून ‘मागील वर्षाचे समायोजन’ खाते नावे ५४०, तेरीज फरक खाते जमा ५४०. सभासदाच्या खात्याला हा प्रश्न येत नाही, कारण त्याची शिल्लक वर्षानुवर्षं पुढे चालतेच.

आता तेरीज फरक खातं बघा: जमा ४,८६० आणि ५४०, नावे ५,४००. शून्य. शून्यावर आलं नाही तर अजून एक चूक बाहेर आहे, आणि उरलेला आकडा तिचाच माग सांगतो. नोंदींखाली तपशिलात मूळ तारीख, पान नंबर आणि चेक नंबर लिहा. पुढे लेखापरीक्षक विचारणार ते हेच.

अनोळखी २,७०० चं काम वेगळं. बँकेकडे त्या व्यवहाराच्या यूटीआर क्रमांकावरून पाठवणाऱ्याचं नाव मागा, किंवा मे महिन्यात नेमकं एकच बिल थकलेले कोण ते यादीत बघा आणि विचारा. अंदाजाने कुणाच्याही खात्यावर जमा टाकू नका. आमच्याकडे ते पैसे एका भाडेकरूने मालकाच्या वतीने, स्वतःच्या खात्यातून पाठवलेले निघाले.

जुळली तरी काय सुटतं

तेरीज फक्त दोन बाजू समान आहेत एवढंच सांगते. एखादी पावती दोन्ही वह्यांत लिहिलीच नाही, लिफ्टच्या देखभालीचं बिल रंगकामाला टाकलं, सिंकिंग फंडाची वर्गणी देखभाल उत्पन्नात गेली, किंवा एका सभासदाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले, तर तेरीज अगदी छान जुळते. रोकड वहीतच ६,८२० ऐवजी ६,२८० लिहिलं असतं तर वरची चूकही तिने दाखवली नसती. ती बँक ताळमेळात दिसली असती. म्हणून बँक ताळमेळ तेरजेआधी करून घ्यावा.

कुठे थांबायचं

वरच्या पाच पायऱ्यांनंतरही फरक राहिला तर रोकड वहीतली प्रत्येक नोंद खतावणीत टिक करत जाणं एवढंच उरतं. छोट्या संस्थेत दोन माणसं, एक वाचणारा आणि एक टिक करणारा, दोन सुट्टीच्या दिवसांत हे करू शकतात. टिक न झालेली किंवा दोनदा टिक झालेली नोंद म्हणजे चूक. मी स्वतः शेवटच्या तिमाहीपासून मागे जातो, कारण घाईतल्या नोंदी तिथे असतात.

काही ठिकाणी मात्र स्वतः हात घालू नका, संस्थेच्या लेखापरीक्षकाला किंवा सनदी लेखापालाला बोलवा.

फरक एकापेक्षा जास्त वर्षं पुढे आलेला असेल आणि तो पडला त्या वर्षाच्या वह्या मिळत नसतील, तर आरंभीच्या शिलकाच संशयास्पद आहेत. त्या ठरवणं खजिनदाराचं काम नाही.

लेखापरीक्षण अहवालात सस्पेन्सवर शेरा आलेला असेल तर दुरुस्तीच्या नोंदी आधी लेखापरीक्षकाला दाखवा. त्या त्याच शेऱ्याच्या दोषदुरुस्ती अहवालात जातात. आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तेव्हा हा फोन ऑगस्टमध्येच करावा, सभेच्या आदल्या आठवड्यात नको.

शोधताना पावती पुस्तकातलं स्थळप्रतीचं पान फाटलेलं दिसलं, पेटीतली रोख रोकड वहीशी जुळली नाही, किंवा पावती आहे पण बँकेत भरणा नाही, तर लगेच थांबा. तो हिशेबाचा फरक राहिलेला नाही. वह्या, पावती पुस्तकं आणि बँकेची पुस्तकं आहेत तशी समितीच्या ताब्यात द्या, तारखेसह यादी करून सही घ्या, आणि एकही दुरुस्ती नोंद करू नका.

आणि कुणी सुचवलं की “किरकोळ रक्कम आहे, किरकोळ खर्चात टाकून मोकळे व्हा”, तर नाही म्हणा. वरच्या उदाहरणात ४,८६० खर्चात किंवा उत्पन्नात टाकून मोकळं होता आलं असतं. पण मग त्या सभासदाची ५,४०० ची खोटी थकबाकी तशीच चालू राहिली असती, आणि संस्थेने त्यावर व्याज लावायलाही सुरुवात केली असती.